कढत चहा आणि अन्ननलिका

प्रश्न: माझे वडील 63 वर्षांचे आहेत, एसटीत चालक होते. गेली चाळीस वर्षं ते चहा अगदी कढत पितात. गाळणीतून कपात पडला की दोन मिनिटांत कप रिकामा. दिवसाला सात-आठ कप होतात. तंबाखू-चुनाही आहे. मी कुठेतरी वाचलं की फार गरम चहाने अन्ननलिकेचा कॅन्सर होतो. हे खरं आहे का? चहा बंदच करायला लावू का? आई म्हणते ग्रीन टी सुरू करू. बाकी तब्येत ठणठणीत आहे, फक्त महिनाभर भाकरीचा घास कधीकधी छातीत अडकल्यासारखा वाटतो, पण पाण्याच्या घोटाबरोबर उतरतो.

उत्तर:

चहाबद्दल सविस्तर लिहितोच, पण आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. ‘बाकी ठणठणीत’ म्हणून तुम्ही जे जाता जाता लिहिलंत, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साठी ओलांडलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाचा घास अडकत असेल, तर या आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, करून घ्या. अन्ननलिका ही स्नायूंची लवचिक नळी आहे. आतून अरुंद होऊ लागली तरी बराच काळ ती ताणली जाते आणि घासाला वाट देते. त्यामुळे अडकल्याची जाणीव होते तोवर आत बरंच काही झालेलं असू शकतं. सुरुवात बहुधा कोरड्या, चावून भुगा न होणाऱ्या पदार्थांपासून होते: भाकरी, चपातीची कड, मटणाचा तुकडा. मग माणूस नकळत भाकरी आमटीत कुस्करून खायला लागतो, पुढे मऊ भातावर येतो. घरच्यांना वाटतं, वय झालं, दात गेले. आमच्याकडे येणारे बरेच जण या टप्प्यावर चार-पाच महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन आलेले असतात.

अडकण्याची कारणं इतरही आहेत. आम्लपित्ताने आलेली सूज असते, खालच्या टोकाचं आकुंचन असतं, अन्ननलिकेच्या स्नायूंची हालचाल बिघडलेली असते. अण्णांचं (वडिलांना मी अण्णा म्हणतो, चालेल ना?) यातलंच काहीतरी निघेल अशी शक्यता चांगली आहे. पण ते आत बघूनच ठरतं, लक्षणांवरून नाही.

आता चहा.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण त्यातला ‘चहा’ हा शब्द थोडा बाजूला ठेवा. संशय चहाच्या पानावर नाही, उष्णतेवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या लिऑन शहरात आहे. 2016 मध्ये तिथे 23 शास्त्रज्ञांनी कॉफी, माटे आणि अतिगरम पेयं यांचा एकत्र आढावा घेतला. माटे हे दक्षिण अमेरिकेतलं पानांचं पेय. ते धातूच्या नळीने ओढून पितात, त्यामुळे कढत पाणी सरळ घशाशी जातं. 1991 साली याच संस्थेने ‘गरम माटे’ बहुधा कर्करोगकारक ठरवलं होतं. 2016 मध्ये माटे आणि त्याची उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. कोमट किंवा गार माटेवर कर्करोगाचा ठपका ठेवण्याइतका पुरावा नाही, असं म्हटलं गेलं. मात्र 65 अंश सेल्सिअसच्या वरचं कोणतंही पेय ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं गेलं. म्हणून ग्रीन टीचा मुद्दा इथेच संपतो. ग्रीन टी 75 अंशाला प्यायला तर अन्ननलिकेच्या दृष्टीने तो कढत चहाच आहे.

‘बहुधा कर्करोगकारक’ या शब्दांनी घाबरू नका. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. तंबाखूचा पुरावा पक्का आहे आणि धोकाही मोठा आहे. गरम पेयांचा पुरावा त्याखालच्या पायरीवर आहे आणि धोका किती, ते आकड्यांतून बघावं लागतं.

त्यासाठी इराणच्या गोलेस्तान प्रांताकडे जावं लागेल. कॅस्पियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात, तुर्कमेनिस्तानला लागून हा भाग आहे. 1970 च्या सुमारास इथल्या तुर्कमेन वस्तीत अन्ननलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण वर्षाला लाखात शंभराच्याही वर असल्याचं लक्षात आलं. जगात इतकं प्रमाण क्वचितच कुठे दिसलं होतं. बुचकळ्यात टाकणारी गोष्ट पुढे होती. हा कर्करोग जगात बहुतेक ठिकाणी पुरुषांचा रोग मानला जातो, कारण त्यामागे तंबाखू आणि दारू असते. गोलेस्तानात मात्र बायकांमध्येही तो पुरुषांइतकाच होता, आणि तिथे दारू जवळपास नव्हती, सिगारेटही कमी. मग कारण काय? गरिबी, फळं-भाज्यांची कमतरता, अफू, चुलीचा धूर अशा अनेक गोष्टींवर संशय घेतला गेला आणि त्यातल्या काहींना पुढे आधारही मिळाला. त्या यादीत चहाही होता. तिथे जवळपास प्रत्येक जण काळा चहा पितो, सरासरी दिवसाला लिटरभराहून जास्त.

मला या अभ्यासाची पद्धत फार आवडते, कारण ती तुम्ही घरी करू शकता. ‘तुम्ही चहा किती गरम पिता?’ असं विचारलं तर प्रत्येक जण आपल्या सवयीला मध्यम म्हणतो. अण्णांना विचारून बघा, ‘गरम कुठला, बेताचाच असतो’ असं म्हणतील. म्हणून तिथल्या संशोधकांनी माणसासमोर ताज्या चहाचे दोन कप ओतले. एकात तापमापी ठेवली. पारा 75 अंशावर आला की दुसऱ्या कपातला घोट घ्यायला सांगायचे आणि विचारायचे, ‘तुम्ही रोज असाच पिता का?’ नाही म्हटलं तर 70 पर्यंत थांबायचे, मग 65, मग 60. ज्या आकड्याला माणूस ‘हो, असाच’ म्हणेल तो लिहायचा. जवळपास 48,500 लोकांचं तापमान असं नोंदवलं गेलं. 39 टक्के लोक 60 अंशांच्या खाली पीत होते, तेवढेच 60 ते 64 मध्ये, आणि 22 टक्के 65 किंवा त्याहून वर.

2009 साली याच प्रांतातल्या 300 रुग्णांची 571 निरोगी लोकांशी तुलना प्रसिद्ध झाली. कोमट चहा पिणाऱ्यांपेक्षा गरम पिणाऱ्यांत रोगाची शक्यता दुप्पट आणि फार गरम पिणाऱ्यांत आठपट निघाली. चहा ओतल्यावर किती वेळाने पिता, हेही विचारलं होतं. चार मिनिटं किंवा जास्त थांबणाऱ्यांच्या तुलनेत दोन मिनिटांच्या आत पिणाऱ्यांत ती पाचपटीहून जास्त होती. अण्णांची दोन मिनिटं वाचून मला हाच आकडा आठवला.

पण ‘आठपट’ हा आकडा तसाच उचलू नका, तो बातम्यांमध्ये फार फिरतो. ज्याला रोग झाला आहे त्याला आधीच्या सवयी विचारल्या की तो कारण शोधत उत्तर देतो. ‘हो हो, फार गरम प्यायचो मी.’ आठवणीचा हा दोष टाळायचा तर निरोगी माणसांचं तापमान आधी मोजून ठेवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. तेही त्यांनी केलं. 50,045 माणसं, साधारण दहा वर्षांची पाहणी, त्यात 317 जणांना अन्ननलिकेचा स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणारा, कर्करोग झाला. जे दिवसाला 700 मिलिलिटर किंवा जास्त चहा 60 अंश किंवा त्याहून गरम पीत होते, त्यांचा धोका थोडा आणि तोही कमी गरम चहा पिणाऱ्यांपेक्षा सुमारे 90 टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे जवळपास दुप्पट. मी रुग्णांना हाच आकडा सांगतो.

दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, हेही बघायला हवं. 50,045 पैकी 317 म्हणजे दहा वर्षांत हजारी सहा-सात माणसं, आणि तेही जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या पट्ट्यात. महाराष्ट्रातलं प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. ज्याला दुसरी कोणतीही सवय नाही, त्याने कढत चहाच्या भीतीने झोप उडवून घ्यावी असं यात काही नाही.

अण्णांना दुसरी सवय आहे. म्हणून चीनमधल्या एका अभ्यासाकडे वळू. तिथे साडेचार लाखांहून जास्त लोकांना सुमारे नऊ वर्षं पाहिलं आणि 2018 मध्ये निष्कर्ष आले. ‘जीभ भाजेल असा’ चहा रोज पिणारे आणि शिवाय रोज दारू पिणारे, यांच्यात धोका पाचपट होता. असा चहा आणि सिगारेट यांची जोडी असणाऱ्यांत दुप्पट. पण ज्यांना दारूही नाही आणि सिगारेटही नाही, त्यांच्यात नुसत्या कढत चहाने धोका ठळकपणे वाढलेला दिसला नाही. तिथे तापमान मोजलं नव्हतं, फक्त विचारलं होतं, ही त्याची कमजोरी. तरी गोलेस्तान आणि चीन शेजारी ठेवले की उष्णता काय करते याचं चित्र बऱ्यापैकी जुळतं.

अन्ननलिकेच्या आतलं अस्तर थरांचं असतं, साधारण गालाच्या आतल्या त्वचेसारखं. वरचे थर झिजतात, खालून नव्या पेशी येतात. रोज सात-आठ वेळा ते थोडं थोडं भाजलं तर सूज कायमची राहते आणि नव्या पेशी घाईने तयार होत राहतात. पेशी जितक्या वेळा दुभंगते तितक्या वेळा तिच्या प्रतीत चूक राहून जाण्याची संधी असते. त्यात भाजलेल्या अस्तराचा आडोसा कमी झालेला असतो, त्यामुळे तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स ही कर्करोगकारक रसायनं किंवा दारूचे घटक आत खोल पोचतात. उंदरांवरच्या प्रयोगांतही कर्करोगकारक रसायनासोबत 65 ते 70 अंशांचं पाणी दिल्यावर गाठी वाढल्या होत्या. चीनमधले आकडे सिगारेटचे आहेत, तोंडात ठेवण्याच्या तंबाखूचे नाहीत, हे मान्य. पण तंबाखूचा रस लाळेबरोबर याच नळीतून उतरतो. म्हणून माझा क्रम स्पष्ट आहे: आधी तंबाखू, मग चहाची आच. अण्णांनी चहा गार केला आणि तंबाखू तशीच ठेवली, तर मोठा धोका जागेवर राहील.

एक फरक लक्षात ठेवा. हे सगळं स्क्वॅमस प्रकाराबद्दल आहे. तो भारतात जास्त आढळतो आणि बहुधा नळीच्या मधल्या किंवा वरच्या भागात होतो. लठ्ठपणा आणि वर्षानुवर्षांच्या आम्लपित्तामुळे खालच्या टोकाला होणारा कर्करोग वेगळा, त्याचा कढत चहाशी असा संबंध जोडलेला नाही.

‘पण मला तर भाजत नाही’ असं अण्णा म्हणतील, आणि ते खोटं बोलत नसतील. तोंडाला उष्णतेची सवय होते. शिवाय जीभ आणि टाळूला जितकं भाजणं कळतं, तितकं अन्ननलिकेला कळत नाही. पटकन गिळणारा माणूस खरं तर तोंड वाचवतो आणि पुढे ढकलतो. 1972 मध्ये एक छोटा पण फार उपयोगी अभ्यास झाला. माणसांच्या अन्ननलिकेत तापमापी सोडून त्यांना गरम कॉफी प्यायला दिली. 65 अंशांच्या कॉफीने आतलं तापमान 6 ते 12 अंशांनी वाढलं, आणि हे किती वाढेल ते कॉफीच्या तापमानापेक्षाही घोटाच्या आकारावर जास्त ठरलं. मोठा घोट आपली उष्णता घेऊन खाली जातो. छोटा घोट तोंडातच लाळेत आणि हवेत निवतो. चहाचा भुरका मारणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, पण भुरक्यात हवा मिसळते आणि घोट लहान राहतो. अण्णांची गाडी पाच मिनिटं थांबायची आणि तेवढ्यात कप संपवायचा, ही नोकरीतली सवय मला समजते. तापमान, घाई आणि मोठा घोट, तिन्ही एकत्र.

आता घरी काय करायचं. स्वयंपाकाची डिजिटल तापमापी आणा, टोकदार दांडीची, स्वस्तात मिळते. अण्णांचा नेहमीचा कप घ्या, चहा नेहमीसारखा ओता आणि गोलेस्तानसारखे दोन कप करा. ते कोणत्या आकड्याला ‘असाच’ म्हणतात ते त्यांच्यासमोर लिहा. माझा अंदाज आहे की 70 च्या वर येईल. मग त्याच कपातला चहा ओतल्यापासून 60 अंशांवर यायला किती मिनिटं लागतात, ते घड्याळ लावून बघा. ती तुमच्या घरच्या कपाची मिनिटं. चिनी मातीच्या साध्या कपात ती आठ-दहाच्या आसपास येतात, पंख्याखाली कमी. कपाचं माप पाण्याने एकदा मोजा. 110 मिलिलिटरचा कप असेल तर आठ कप म्हणजे 880, म्हणजे गोलेस्तानच्या 700 च्या रेषेच्या वर. टपरीचे कटिंग निम्मे धरा.

भांड्याचा फरक पडतो तो इथेच. इंग्रज मंडळी चहात गार दूध वरून ओततात, त्याने तो लगेच काही अंश उतरतो. आपल्याकडे दूध चहाबरोबरच उकळतं, त्यामुळे आपल्या चहाला ती सूट मिळत नाही. स्टीलचा पेला आणि काचेचा ग्लास हाताला चटका देतात, म्हणून माणूस आपोआप थांबतो. कागदी कप आणि दुहेरी भिंतीचे मग हाताला काहीच कळू देत नाहीत. थर्मासमधला चहा तासाभरानेही 65 च्या वर असू शकतो. झाकणाच्या भोकातून प्यायचे प्रवासातले मग तर मला मुळीच पटत नाहीत, त्यात वाफ दिसत नाही, फुंकर घालता येत नाही आणि घोट सरळ मागे जातो.

आणि आपल्याकडे बशी होती. अर्धा कप चहा बशीत पसरला की थर बोटभरही राहत नाही, थंड चिनी माती उष्णता शोषते, वरचा पृष्ठभाग मोठा असतो. मिनिट-दीड मिनिटात तो 60 च्या खाली येतो. तुमच्या तापमापीने तेही मोजून बघा. गेल्या पिढीत बशीतून पिणं गावंढळ ठरवून आपण मोठे मग हाती घेतले, याची मला मनापासून खंत वाटते. अण्णांच्या वयाच्या माणसाला ‘थांबा, दहा मिनिटं थांबा’ सांगून उपयोग होत नाही. ‘अण्णा, बशीतून घ्या’ म्हटलं तर ते लगेच जमतं, कारण ही त्यांच्या वडिलांची सवय असणार. चहा बंद करायची गरज नाही. कप आठवरून पाचवर आले तर चांगलंच, साखर तरी कमी जाईल.

‘आता सोडून काय फरक पडणार, चाळीस वर्षं झाली’ हा युक्तिवाद तंबाखूबाबत मी ऐकून घेत नाही. तंबाखू सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो. चहा निववल्यावर तो किती आणि कधी उतरतो याचे असे आकडे नाहीत, पण रोजचं भाजणं थांबतं हे नक्की.

तपासणीबद्दल थोडं. फक्त कढत चहा पितो म्हणून कोणाची एंडोस्कोपी करावी, असं मी सांगणार नाही. अण्णांची करायची ती घास अडकतो म्हणून. बेरियम पिऊन काढलेल्या एक्स-रेवर भागवू नका, त्यात लहान बदल निसटतात आणि तपासायला अस्तराचा तुकडा काढता येत नाही. डॉक्टरांना तंबाखूबद्दल स्पष्ट सांगा आणि अस्तर संशयास्पद वाटलं तर आयोडीनचा रंग लावून बघाल का, असं विचारा. निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन असतं, आयोडीनने त्या तपकिरी होतात. बिघडलेला भाग रंग घेत नाही आणि फिकट डाग म्हणून उठून दिसतो. तुकडा तिथूनच घ्यायचा. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर आधी सांगायचं.

तपासणीआधी सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं, म्हणजे त्या दिवशी पहाटेचा चहा नाही, हे अण्णांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. दुर्बीण घालताना घशात बधिर करणारा फवारा मारतात. बाहेर आल्या आल्या ते चहा मागतील. घशाला पूर्ण जाणीव येईपर्यंत, साधारण तासभर, काही देऊ नका, कारण बधिर घशात घोट चुकून श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि भाजलेलंही कळत नाही. त्यानंतरचा पहिला कप बशीत ओतून द्या. तुकडा घेतला असेल तर अहवाल यायला काही दिवस लागतात. तो आला की मला कळवा, त्यावर पुढचं बोलू.